आर्थिक वर्षाचे उरलेले दिवस मोजताना या चुका टाळा

दिलेल्या तारखेपासून ३१ मार्चपर्यंत किती दिवस उरले, हा प्रश्न इतका सोपा वाटतो की त्यासाठी दोन मिनिटे थांबून विचार करण्याची गरज नवशिक्यांना भासत नाही. परिणामी दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये, घसारा आणि आगाऊ भरलेल्या खर्चाच्या तक्त्यांत, त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात. ही वजाबाकी बहुतेक जण एक्सेलमध्ये करतात, म्हणून येथे त्याच पद्धतीने लिहीत आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक वर्षाची आहे. एप्रिल ते डिसेंबरमधल्या तारखेचे आर्थिक वर्ष पुढच्या कॅलेंडर वर्षात संपते, तर जानेवारी ते मार्चमधल्या तारखेचे त्याच कॅलेंडर वर्षात संपते. हे सांगितले की सगळे मान डोलावतात आणि तरीही सूत्र लिहिताना तारखेच्या वर्षात सरळ एक मिळवून मोकळे होतात:

```
=DATE(YEAR(A2)+1,3,31)-A2
```

हे सूत्र बारापैकी नऊ महिने अचूक उत्तर देते आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. लिहिणारा दोन-चार तारखा घालून पाहतो, त्या बहुधा जून किंवा ऑगस्टच्या असतात, उत्तर बरोबर येते आणि सूत्र हजार ओळींवर ओढले जाते. १५ जानेवारी २०२५ या तारखेला मात्र ते ७५ ऐवजी ४४० दिवस दाखवते, कारण ते ३१ मार्च २०२६ पर्यंत मोजत राहते.

एका संस्थेच्या हिशेबात मी या चुकीचे जे रूप पाहिले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. देखभालीच्या वार्षिक करारांचा तक्ता होता. त्यातल्या एका कराराची रक्कम सोयीसाठी १,०९,५०० रुपये धरू, म्हणजे दिवसाला ३०० रुपये पडतात. मुदत १५ जानेवारी २०२५ ते १४ जानेवारी २०२६, बरोबर ३६५ दिवस. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये १५ जानेवारी धरून ७६ दिवस येतात, त्यामुळे चालू वर्षाचा खर्च २२,८०० रुपये आणि पुढच्या वर्षाचा आगाऊ खर्च ८६,७०० रुपये व्हायला हवा होता. तक्त्यात वरचेच सूत्र, पहिला दिवस धरण्यासाठी एक मिळवून, वापरलेले होते. त्यामुळे दिवस आले ४४१, चालू वर्षाचा वाटा आला १,३२,३०० रुपये आणि आगाऊ खर्च आला उणे २२,८०० रुपये.

उणे आकडा दिसताच थांबायला हवे होते. ज्याने तक्ता केला त्याने थांबण्याऐवजी त्या स्तंभाला ABS लावले आणि उणे चिन्ह घालवले. आता आगाऊ खर्च २२,८०० दिसू लागला, चालू वर्षाचा खर्च एकूण रकमेतून तो वजा करून ८६,७०० निघाला, आणि दोघांची बेरीज पुन्हा १,०९,५०० झाली. म्हणजे दोन्ही रकमांची चक्क अदलाबदल झाली होती आणि तरीही बेरीज जुळत होती. हा योगायोग नव्हता. चुकलेले दिवस बरोबर ३६५ आणि करारही ३६५ दिवसांचा, त्यामुळे जी रक्कम उणे येते ती खऱ्या खर्चाइतकीच असते. बेरीज जुळते म्हणून तक्ता बरोबर, असे मानणाऱ्याला ही चूक कधीच सापडली नसती.

ती सापडली ती करार सुरुवातीच्या तारखेनुसार क्रमाने लावल्यावर. वार्षिक करार वर्षात जितका उशिरा सुरू होतो, तितका त्याचा जास्त भाग पुढच्या वर्षात जायला हवा. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत हे प्रमाण चढत गेले होते आणि जानेवारीला एकदम कोसळले होते. असा तक्ता हाती आला की मी आजही आधी तारखांनुसार क्रम लावतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या व जानेवारीच्या पहिल्या ओळीकडे पाहतो. वर्षाची चूक असेल तर ती याच सांध्यावर उघडी पडते.

उपाय म्हणून मी वर्षअखेरीचे वर्ष स्वतंत्र स्तंभात काढतो. A2 मध्ये तारीख असेल, तर B2 आणि C2 मध्ये अनुक्रमे ही सूत्रे येतात:

```
=YEAR(A2)+(MONTH(A2)>=4)
=DATE(B2,3,31)-A2
```

महिना चार किंवा त्याहून मोठा असेल तर कंसातली अट एक देते, नसेल तर शून्य देते. हे सगळे एकाच सेलमध्ये कोंबता येते हे मला ठाऊक आहे, आणि नवशिक्यांना तसे करण्यात विशेष कर्तबगारी वाटते हेही मी पाहिले आहे. परंतु B स्तंभ डोळ्यांसमोर असला की जानेवारी २०२५ समोर २०२५ आहे की २०२६, हे सूत्र न उघडता दिसते. एक स्तंभ वाचवण्यासाठी ही सोय सोडून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ABS, MAX किंवा IFERROR लावून विचित्र उत्तर झाकणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. येथे उणे आकडा हा दोषाचा पुरावा असतो.

दुसरी चूक एकाच दिवसाची आहे, परंतु तिचा परिणाम कधी कधी एका दिवसापुरता राहत नाही. शेवटच्या तारखेतून दिलेली तारीख वजा केली की दिलेला दिवस मोजला जात नाही. “आजनंतर किती दिवस उरले” या प्रश्नाचे ते योग्य उत्तर आहे. “या तारखेपासून, ती धरून, किती दिवस” असे विचारले असेल तर एक मिळवावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या पद्धतीने ३६४ आणि दुसऱ्या पद्धतीने ३६५ दिवस येतात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, म्हणून आधी प्रश्न नीट वाचावा लागतो, आणि नेमके तेच घाईत राहून जाते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम ३२ खालील घसाऱ्याचे उदाहरण घ्या. वर्षात खरेदी केलेली मालमत्ता त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल, तर नेहमीच्या दराच्या निम्माच घसारा मिळतो. समजा १०,००,००० रुपयांचे यंत्र ३ ऑक्टोबर २०२४ रोजी वापरात आले आणि दर १५ टक्के आहे. तो दिवस धरून ऑक्टोबरचे २९, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१, असे बरोबर १८० दिवस होतात. १८० हे १८० पेक्षा कमी नाहीत, म्हणून पूर्ण १,५०,००० रुपये घसारा मिळतो. ज्याने नुसती वजाबाकी केली त्याला १७९ दिवस मिळतात आणि तो ७५,००० रुपयेच लावतो. या गणनेत तारीख यंत्र वापरात आल्याची घ्यायची असते. बिलावरची तारीख हाताशी असते म्हणून तीच टाकली, तर पुढचे सूत्र कितीही निर्दोष असले तरी उपयोग नाही.

त्यातही “३ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण घसारा” असे पाठ करून ठेवणारे लीप वर्षात फसतात. २०२३-२४ मध्ये फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, त्यामुळे त्या वर्षी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी वापरात आलेल्या यंत्राचेही १८० दिवस भरले. तारीख पाठ करू नये. प्रत्येक वर्षी दिवस मोजावेत.

लीप वर्षाची आणखी एक सवयीची चूक भागाकारात होते. २०२४ हे लीप वर्ष, म्हणून २०२४-२५ ला ३६६ दिवस, असे अनेक जण गृहीत धरतात. २९ फेब्रुवारी २०२४ हा दिवस २०२३-२४ मध्ये आला होता, म्हणून ३६६ दिवस त्या वर्षाचे, आणि २०२४-२५ चे ३६५ दिवस आहेत. आर्थिक वर्ष ज्या कॅलेंडर वर्षात संपते ते लीप आहे का, एवढेच पाहायचे असते. मी तेही पाहत बसत नाही, B2 वरून थेट वजाबाकी करतो:

```
=DATE(B2,3,31)-DATE(B2-1,3,31)
```

DAYS360 हे फंक्शन या कामासाठी वापरू नये, कारण ते प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरते.

तारीख म्हणून जे दिसते ते खरोखर तारीख आहे का, हे न पाहता सूत्र लावणे ही अधीरपणाची चूक आहे. दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या माहितीत ०३/०४/२०२५ हे ३ एप्रिलऐवजी ४ मार्च असे वाचले गेले, तर उरलेले दिवस ३६२ ऐवजी २७ येतात, आणि २७ हा आकडा कोणालाही खटकत नाही. त्याच स्तंभात १५/०४/२०२५ मात्र मजकूर म्हणून पडून राहते, कारण पंधरावा महिना नसतो. म्हणून ISNUMBER ने स्तंभ तपासावा, आणि काही तारखा मजकूर निघाल्या तर फक्त त्याच दुरुस्त करून पुढे जाऊ नये. उरलेल्या तारखांतही दिवस-महिना उलटलेला असण्याची दाट शक्यता असते, त्यामुळे संपूर्ण माहिती पुन्हा आणावी.

उत्तराच्या जागी १५-०३-१९०० असे काही दिसले तर सूत्र चुकलेले नसते. सेलचे स्वरूप तारखेचे असल्याने ७५ हा आकडा तसा दिसतो, ते General करावे. दिवसांत अपूर्णांक येत असेल तर बहुधा कोणीतरी TODAY ऐवजी NOW वापरले आहे. आणि जतन करून ठेवायच्या कागदपत्रांत TODAY सुद्धा नको, कारण फाइल पुढच्या महिन्यात उघडली की आकडा बदललेला असतो. तेथे तारीख हाताने किंवा Ctrl+; ने टाकावी.

सूत्र ओढण्यापूर्वी मी चार तारखा घालून पाहतो. दिलेला दिवस न धरता ३१ मार्च २०२५ ला शून्य, १ एप्रिल २०२५ ला ३६४, ३१ डिसेंबर २०२५ ला ९० आणि २८ फेब्रुवारी २०२८ ला ३२ यायला हवेत. ३१ मार्चला ३६५ आले तर वर्षात सरसकट एक मिळवलेला आहे. १ एप्रिलला उणे एक आला तर अटीत >=4 ऐवजी >4 लिहिले गेले आहे. चारही उत्तरांत एक जास्त असेल, तर दिलेला दिवस धरला गेला आहे. फक्त शेवटच्या तारखेला ३१ आले, तर कोणीतरी महिन्यांच्या दिवसांचा तक्ता हाताने भरून फेब्रुवारीसमोर २८ लिहिले आहेत.