खाते उघडण्याआधी गोपनीयता धोरण कसे वाचावे

संकेतस्थळाच्या अगदी तळाशी असलेला `Privacy Policy` हा दुवा उघडावा आणि धोरणात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख पाहावी. पहिल्या ओळीपासून सगळे वाचून काढा, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. कामाच्या भागापर्यंत पोहोचण्याआधीच माणूस थकतो. कोणती माहिती घेतली जाते त्या यादीत नाव आणि ईमेल असणारच. आपण स्वतः टाइप करत नाही ते, म्हणजे ठिकाण, फोनमधील संपर्क आणि ब्राउझिंगचा तपशील, तेवढे शोधावे.

अवघड आहे तो माहिती इतरांना देण्याविषयीचा भाग. मोटारीच्या विम्याचे दर ताडून पाहण्यासाठी मी एका संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक दिला होता. 'आम्ही तुमची माहिती विकत नाही' हे वाक्य वाचून मी निश्चिंत झालो आणि तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवसापासून विम्याचेच नव्हे, तर कर्जाचेही फोन सुरू झाले, आणि तेही क्रमांक डीएनडीमध्ये नोंदवलेला असताना. धोरण पुन्हा उघडले, तेव्हा दोन परिच्छेद खाली सापडले की डीएनडी नोंदणी असली तरी आम्ही व आमचे व्यावसायिक भागीदार आपल्याशी संपर्क साधू शकतो आणि त्यास आपली संमती आहे. विकणे आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या नकारावरून दुसरीविषयी काहीही गृहीत धरू नये.

म्हणून संगणकावर `Ctrl+F` दाबून, किंवा फोनच्या ब्राउझरमधील शोधाची सोय वापरून, `share`, `partner`, `affiliate` आणि `DND` हे शब्द एकेक करून शोधावेत. सापडलेल्या प्रत्येक वाक्यात माहिती कोणाला दिली जाते आणि कशासाठी, एवढेच तपासावे. ओटीपीचा संदेश पाठवणारी किंवा पैसे स्वीकारणारी कंपनी त्या संकेतस्थळाचेच काम करत असते, आणि तिच्यावाचून सेवा चालत नाही. 'भागीदार' मात्र बहुधा स्वतःचा माल विकण्यासाठी आपला क्रमांक वापरतो. `affiliate` म्हणजे त्याच समूहातील कंपन्या; त्यांची नावे दिलेली नसतील, किंवा उद्देशापुढे `including but not limited to` असे लिहिले असेल, तर त्या वाक्याला मर्यादाच उरत नाही, असे समजावे.

'आपल्या संमतीने' असे लिहिले असेल, तर ती संमती नेमकी कुठे घेतली जाते ते नोंदणीच्या पानावर पाहावे. आधीच टिक केलेली चौकट असेल तर ती टिक काढावी. 'पुढे जाताच आपण सहमत आहात' एवढीच ओळ बटणाखाली असेल, तर नकार देण्याची जागाच ठेवलेली नाही. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे; म्हणून `withdraw` आणि `delete` हे शब्दही शोधावेत.

भागीदारांचे वाक्य आहे आणि वेगळी चौकट नाही, अशा ठिकाणी मी मोबाइल क्रमांक देत नाही; विम्याचे दर थेट विमा कंपनीकडे विचारतो.