जुलाबात साखर-मिठाचं पाणी: साखर किती घालावी आणि का

नागपूरच्या मे महिन्यात घरात कुणाला ढाळ लागले की लिंबाचं सरबत, पन्हं, ग्लुकोजची पावडर, नाहीतर कोपऱ्यावरच्या रसवंतीतला उसाचा रस समोर येतो. देणाऱ्याची माया खरी असते, पण आजारी आतड्याला यांतलं बहुतेक काही चालत नाही. साखर हवीच, पण थोडी आणि मिठासोबत.

आतड्याला पाणी थेट ओढून घेता येत नाही. आधी मिठातलं सोडियम आत जातं आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. जुलाबात, विशेषतः कॉलऱ्यात, सोडियम शोषण्याचे नेहमीचे मार्ग मंदावतात, त्यामुळे नुसतं मिठाचं पाणी प्यायलं तर त्यातलं फार थोडं अंगी लागतं. मात्र लहान आतड्याच्या पेशींवर SGLT1 नावाचं एक प्रथिन असतं, आणि ते कॉलऱ्यातही शाबूत राहतं. ते दुहेरी कुलपाच्या दारासारखं आहे. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही आल्याशिवाय ते उघडत नाही, आणि उघडलं की एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं. म्हणजे इथली साखर ताकदीसाठी किंवा चवीसाठी नाही, ती सोडियमला आत नेण्यासाठी आहे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

पहिली पसंती मेडिकल स्टोअरमधल्या ओआरएसच्या पाकिटाला द्या, कारण त्यात पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं. डब्ल्यूएचओच्या सूत्राचं पाकीट मागा. तयार गोड पेयाच्या खोक्यावर भरवसा ठेवू नका. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर उकळून थंड केलेलं पाणी एक लिटरच्या बाटलीने मोजून घ्या आणि अख्खं पाकीट त्यात एकदम घाला. ग्लासभर पाण्यात अंदाजाने अर्धं पाकीट टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. तसं पाणी इतकं खारट होतं की लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा 5 मिलीचा हवा, आणि वरचा ढीग सुरीने काढून टाकायचा. आधी चव बघा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते फेकून नवं करा. तयार पाणी झाकून ठेवा, पुन्हा उकळू नका आणि 24 तासांनी उरलेलं टाकून द्या.

आता सरबताचं गणित पाहा. आपण एका ग्लासात, म्हणजे 200 मिलीत, सहज तीन चमचे साखर घालतो. लिटरला ते पंधरा चमचे झाले, हव्या त्याच्या अडीच पट. हे द्रावण रक्तापेक्षा दाट होतं, आणि आतड्यात पाणी नेहमी पातळाकडून दाटाकडे जातं. मग शरीरातलंच पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. उसाच्या रसाचं आणि कोल्ड्रिंकचं तेच. ग्लुकोजच्या पावडरीत तर सोबतीला पुरेसं सोडियमच नसतं. भाताची पातळ पेज चिमूटभर मीठ घालून दिली तर बरी, कारण तिच्यातला स्टार्च हळूहळू ग्लुकोज सोडतो आणि द्रावण दाट होत नाही.

समजा नागपूरच्या महाल भागातल्या एका घरात दीड वर्षाचं, 10 किलोचं बाळ आहे. डोळे खोल गेलेत, ते घटाघटा पाणी मागतंय, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते. अशा बाळाला किलोमागे 75 मिली, म्हणजे 750 मिली ओआरएस चार तासांत द्यायचं असतं. आकडा ऐकून आई घाबरते, पण दर दीड मिनिटाला एक चमचा दिला की तेवढं पोटात जातं. अशा बाळाला शक्यतो दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली पाजावं, आणि तिथे पोचेपर्यंत वाटेतही चमचा थांबवू नये. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

ओआरएस दिल्यावर जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि इथेच अनेक जण ‘गुण नाही’ म्हणून ते बंद करतात. त्याचं काम गेलेलं पाणी भरून काढणं हे आहे. लघवी पुन्हा होऊ लागली, रडताना डोळ्यांत पाणी आलं, कातडी झटकन बसली, तर ते लागू पडतंय असं समजा. पुढे दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली, मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली द्या. डॉक्टरांना विचारून झिंकही सुरू करा.

बाळ सुस्त पडलं, पिऊच शकत नसेल, दिलेलं सगळं उलटून टाकत असेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट पाहू नका. रात्र असली तरी लगेच रुग्णालयात न्या, कारण तेव्हा सलाईनची गरज पडू शकते.