रिसायकल बिन रिकामी केली? आता या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा डिझाइन रूम घ्या. जकार्डची डिझाइनं D: वर, साध्या हार्ड डिस्कवर. जागा करायला जुन्या फाइली उडवल्या, बिनही रिकामी केली आणि मग कळलं, चालू ऑर्डरचं डिझाइनही त्यांतच होतं. रुंदीला २६८८ हुक, लांबीला ३००० पिक, ८ बिटची बीएमपी फाइल, जवळजवळ ८ एमबी.

ही फाइल त्या क्षणी डिस्कवर जशीच्या तशी असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची एक नोंद असते: नाव, आकार आणि मजकूर डिस्कच्या कोणत्या तुकड्यांत आहे ते. बिन रिकामी केली की विंडोज त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण करतं आणि ते तुकडे मोकळे दाखवतं. मजकूर पुसत नाही, कारण पुसायला वेळ लागतो. तुकडा साधारण ४ केबीचा, म्हणजे आपलं डिझाइन सुमारे १९७० तुकड्यांत बसलेलं आहे. त्यांवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते परत वाचता येतं. एकदा लिहिलं गेलं की तेवढा भाग कायमचा जातो. दुकानात नेऊनही तो परत येत नाही.

पहिली चूक म्हणजे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच D: वर उतरवणं. मोकळे तुकडे कोणते, हे विंडोज ठरवतं. तुमचं डिझाइन जिथे आहे, नेमकी तीच जागा ते इन्स्टॉलरला देऊ शकतं.

दुसरी चूक निरुपद्रवी वाटते: सापडलेल्या फाइली ठेवायला D: वरच ‘परत मिळालेले’ नावाचं फोल्डर करणं. नव्या फोल्डरलाही एक नोंद लागते, आणि विंडोज रिकामी पडलेली जुनी नोंद पुन्हा वापरतं. ती तुमच्या डिझाइनची निघाली, तर मजकूर शाबूत असूनही तो कुठे आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. शिवाय एक फाइल वाचवून D: वर ठेवली की ती दुसरीच्या अंगावर बसू शकते.

म्हणून D: वरचं काम थांबवा. डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद करा, कॉपी नको, डिफ्रॅग तर मुळीच नको. डिफ्रॅग फाइली उचलून मोकळ्या जागेत मांडतं आणि विंडोजमध्ये ते ठरलेल्या वेळी आपोआपही चालतं, तेव्हा ते वेळापत्रक बंद करा. फाइल C: वरची असेल तर घाई जास्त: ब्राउझर आणि अपडेट तिथे सतत लिहीत असतात. मशीन बंद करून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडणं बरं.

आपल्या उदाहरणात मायक्रोसॉफ्टचं मोफत विंडोज फाइल रिकव्हरी C: वर उतरवलं तरी चालतं. पेन ड्राइव्ह E: म्हणून जोडा आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे द्या:

```
winfr D: E: /regular /n *.bmp
```

निकाल E: वर `Recovery_` ने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये येतो. तिथे मूळ नाव शोधत बसू नका. बिनमध्ये गेलेल्या फाइलीला विंडोज `$R` आणि सहा अक्षरांचं नाव देतं, उदाहरणार्थ `$R7KQ2MD.bmp`. तिची जोडीदार `$I7KQ2MD.bmp` मिळाली तर ती नोटपॅडमध्ये उघडा, मूळ जागा आणि नाव त्यात वाचता येतं. काहीच हाती लागलं नाही तर `/regular` च्या जागी `/extensive` द्या. त्याला वेळ बराच लागतो.

हे सगळं हार्ड डिस्कचं. एसएसडीत विंडोज मोकळे तुकडे लगेच डिस्कला कळवतं, याला ट्रिम म्हणतात. त्यानंतर वाचलं तर बहुधा नुसती शून्यं येतात. ट्रिम चालू आहे का हे असं दिसतं:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

NTFS पुढे 0 आलं तर ट्रिम चालू आहे. तिथे बॅकअप शोधणंच शहाणपणाचं.

तिसरी चूक, फाइल सापडली आणि आकार बरोबर आहे म्हणून ती शाबूत आहे असं समजणं. मधल्या वेळात एखादी तात्पुरती फाइल तिथे लिहून पुसली गेली असेल, तर सॉफ्टवेअरला ते तुकडे मोकळेच दिसतात आणि ते फाइल ‘उत्तम’ म्हणून दाखवतं. आत मजकूर दुसऱ्याचाच. उघडून पाहा. बीएमपी नोटपॅडमध्ये उघडली तर पहिली दोन अक्षरं BM असायला हवीत. ती नसतील तर सुरुवातच गेली.

सुरुवात शाबूत आणि मधले २०० केबी गेले असतील, तर साध्या, न दाबलेल्या बीएमपीत तेवढाच पट्टा बिघडतो: इथे सुमारे ७६ पिकांचा, रंगीबेरंगी वाळूसारखा. फाइलीत ओळी खालून वर लिहिलेल्या असतात, म्हणून सुरुवातीजवळचा बिघाड चित्राच्या तळाशी दिसतो. डिझाइनमध्ये तो भाग पुन्हा येत असेल तर तिथून उचलून पट्टा भरता येतो. त्याच फोल्डरमधली ऑर्डरची एक्सेल फाइल मात्र दाबून बांधलेली असते. तिच्यातले एवढेच तुकडे गेले तर बहुतेक वेळा अख्खी शीट उघडत नाही.