धावून आल्यावर पनीर, मोड आलेले मूग आणि दही: मॅक्रोंचा हिशेब कसा मांडावा

मिरामारच्या बाजूला सकाळी दहा किलोमीटर धावून आलेल्या साठ किलो वजनाच्या माणसाचं ताट धरू: ७५ ग्रॅम पनीर, १०० ग्रॅम मोड आलेले मूग, १५० ग्रॅम दही. त्याला या वेळी साधारण २० ग्रॅम प्रोटीन आणि ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब हवेत.

पनीर पाकिटातून काढल्यावर, पाण्यात भिजवण्याआधी तोला आणि पाकिटावरचे आकडे घ्या. फुल फॅट पनीरच्या ७५ ग्रॅममध्ये प्रोटीन १४, फॅट सुमारे १६ आणि कार्ब २ ग्रॅम. दही सोपं आहे: प्रोटीन ५, फॅट ५, कार्ब ७. दह्याला प्रोटीनचा मोठा स्रोत समजू नका.

खरा घोळ होतो मुगात. अ‍ॅपमध्ये 'मूग स्प्राऊट्स' शोधलं की बहुतेक वेळा १०० ग्रॅमला ३० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रोटीन अशी नोंद पुढे येते. ती चायनीज पदार्थांतल्या लांब, पांढऱ्या, पाण्याने भरलेल्या मोडांची असते. आपण खातो ते छोट्या मोडाचे मूग कितीतरी घट्ट असतात. दुसरी चूक याच्या उलट: कोरड्या मुगाचे आकडे मोडांच्या वजनाला लावायचे. मग प्रोटीन दुपटीहून जास्त दिसतं. नोंदीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या जवळपास कॅलरी दिसल्या, तर ती कोरड्या मुगाची आहे, हे ओळखा.

म्हणून अ‍ॅपची नोंद सोडा आणि मूग दोनदा तोला: भिजवण्याआधी आणि मोड आल्यावर, पाणी पूर्ण निथळवून. समजा २०० ग्रॅम कोरड्या मुगाचे ४५० ग्रॅम झाले. म्हणजे १०० ग्रॅम मोडांत ४४ ग्रॅम कोरडे मूग आहेत. कोरड्या मुगात शेकडा २३ ग्रॅम प्रोटीन आणि तंतू वगळून ४६ ग्रॅम कार्ब धरले, तर ताटात १० ग्रॅम प्रोटीन आणि २० ग्रॅम कार्ब आले. हे गणित प्रत्येक खेपेला नव्याने करायचं. गोव्याच्या दमट उकाड्यात मोड भराभर लांबतात, पाणी धरतात, आणि कालचं गुणोत्तर आज लागू पडत नाही. चिकट झालेले किंवा आंबूस वास येणारे मूग सरळ फेकून द्या. बाकीचे पाच-सात मिनिटं वाफवून घ्या. या हवेत कच्चे खाण्याचा हट्ट नको. वजन मात्र वाफवण्याआधीचं धरा.

आता बेरीज: प्रोटीन २९, फॅट सुमारे २१, कार्ब २९. फोडणीला चमचाभर तेल घातलंत तर आणखी साडेचार ग्रॅम फॅट.

प्रोटीन भरपूर झालं, कार्ब निम्मेच. अशा वेळी बरेच जण पनीर वाढवतात, आणि तेच चुकतं. त्याने प्रोटीन आणि फॅटच वाढतं, कार्ब नाही. त्याऐवजी ११० ग्रॅम शिजलेला उकड्या तांदळाचा भात त्याच दह्यात कालवा, तीस ग्रॅम कार्ब मिळतात. पोई घेणार असाल तर ती तोला, कारण प्रत्येक पदेराची पोई वेगळ्या वजनाची असते. वजनाच्या साधारण निम्मे कार्ब धरा. दोन तासांत भात-हुमण जेवायला बसणार असाल आणि संध्याकाळी पुन्हा धावायचं नसेल, तर हा भात वगळला तरी चालतो.