फोटोवर हाताने काढलेलं डूडल: वाढदिवसाचं कार्ड घरच्या घरी

फोटोवर पांढऱ्या रेषांनी गिरगिटलेली कार्डं तुम्ही पाहिली असतील. माणसाभोवती सैलसर बाह्यरेषा, दोनचार वेडेवाकडे तारे, हाताने लिहिलेला एखादा शब्द. हे थेट मोबाइलवर बोटाने काढायला गेलं की रेष काचेवरून घसरते आणि अक्षर भलत्याच कुणाचं तरी वाटतं. म्हणून मी उलट्या बाजूने जाते. चित्र कागदावर काळ्या पेनाने काढायचं, स्कॅन करायचं, काळ्याचं पांढरं करायचं आणि मग फोटोवर ठेवायचं. रेषेत हाताचा थरथराट जसाच्या तसा उतरतो, आणि या कामात तोच हवा असतो.

उदाहरणाला माझ्या भाच्याच्या सातव्या वाढदिवसाचं कार्ड घेते. फोटो सोसायटीच्या गच्चीवरचा, संध्याकाळचा. पोरगं दोन्ही हात वर करून उभं, मागे पाण्याची काळी टाकी आणि वर गडद होत चाललेलं आभाळ.

फोटो निवडताना एकच गोष्ट बघा: रेषा जिथे जाणार तिथे फोटो पुरेसा गडद आहे का? डोळे किलकिले करून पाहिलं की लगेच कळतं. पांढरा शर्ट, दुपारचं फिकट आभाळ, चुन्याची भिंत यांच्यावर पांढरी रेष दिसत नाही. असाच फोटो आवडला असेल तर रेषा काळ्याच ठेवा, त्याचं पुढे सांगते. शिवाय फोटोचा निदान एक तृतीयांश भाग मोकळा हवा. माणसांनी काठोकाठ भरलेल्या ग्रुप फोटोवर डूडल म्हणजे नुसता गोंधळ होतो.

कार्ड ५ बाय ७ इंचांचं धरू, कारण या मापाची प्रिंट बहुतेक फोटो लॅबमध्ये मिळते. फोटो ५:७ प्रमाणात कापा आणि १५०० बाय २१०० पिक्सेल करा, म्हणजे ३०० डीपीआयला, इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने, तो बरोबर बसतो. मग त्याचीच एक साधी काळी-पांढरी प्रिंट A4 कागदावर दीडपट मोठी, म्हणजे साडेसात बाय साडेदहा इंचांची काढा. मोठं काढून लहान केलं की पेन जिथे नको तिथे अडखळलेलं लपतं आणि रेष नेटकी दिसते.

या प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि चारही कडांना चिकटपट्टी लावा. फोटोच्या चार कोपऱ्यांवर ट्रेसिंग पेपरवर लहान अधिकचं चिन्ह काढा. हे विसरलात तर नंतर चित्र आणि फोटो जुळवताना जीव जातो. पेन साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचं घ्या. लहान केल्यावर रेष मिलिमीटरभर उरते. त्याहून बारीक रेष स्क्रीनवर छान दिसते, पण प्रिंटमध्ये केस अडकल्यासारखी वाटते. पाण्याच्या शाईचं स्केचपेन ट्रेसिंग पेपरवर लवकर वाळत नाही आणि तळहाताने फरफटतं, तेव्हा कायमस्वरूपी शाईचा मार्कर बरा. ट्रेसिंग पेपर नसेल तर पातळ पांढरा कागद घेऊन खिडकीच्या काचेवर धरलात तरी चालतं.

आता क्रम. आधी अक्षरांची जागा ठरवायची, मग बाह्यरेषा, मग अक्षरं आणि सगळ्यात शेवटी तारे. तारे आधी काढले की अक्षरांना उरलीसुरली जागा मिळते आणि मग “शुभेच्छा”मधला “छा” कडेला चेंगरतो. जागेच्या खुणा पेन्सिलीने खालच्या प्रिंटवरच करा, ट्रेसिंग पेपरवर नको, म्हणजे स्कॅनमध्ये येत नाहीत.

बाह्यरेषा काढताना सगळ्यांचा हात अंगाच्या कडेवरून जायला बघतो. तसं केलं की कात्रीने वाईट कापलेल्या चित्रासारखं दिसतं. रेष शरीरापासून ४-५ मिलिमीटर बाहेर ठेवा. पहिली फेरी सावकाश मारा. दुसरी भरभर, मनगटाने नव्हे तर कोपरापासून हात फिरवून, आणि ती पहिलीला दोनतीन ठिकाणी ओलांडू द्या. या दोन रेषांच्या मधल्या फटींमुळेच ते गिरगिटल्यासारखं दिसतं. केसांजवळ रेष थोडी दातेरी करा. बोटं एकेक काढत बसू नका, पंजाभोवती एकच वळण पुरतं. भाच्याची दहा बोटं मी पहिल्यांदा इमानेइतबारे काढली होती, तर पोराने रबरी हातमोजे घातल्यासारखं दिसलं. पाय जमिनीला टेकतात तिथे रेष उघडी सोडा, नाहीतर माणूस स्टिकरसारखा अधांतरी तरंगतो. आणि चेहऱ्याच्या आत काहीही काढू नका. मिशा, चष्मा वगैरेचा मोह होतो, पण ते वेगळ्या प्रकारचं कार्ड.

मागे एखादी ठळक वस्तू असेल तर तिला मात्र सोडू नका. त्या काळ्या टाकीला मी वर टोक, बाजूला दोन पंख आणि खाली ज्वाळा काढल्या, झालं रॉकेट. एवढं एकच रूपांतर पुरे.

अक्षरांकडे जरा निवांत बघू, कारण या विषयावरच्या बहुतेक सूचना रोमन लिपीसाठी असतात आणि तिथे अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात. आपली शिरोरेखेला लोंबतात. त्यामुळे पेन्सिलीची मार्गदर्शक रेष वर आखायची, खाली नाही. ती किंचित चढती ठेवा. डावीकडून उजवीकडे थोडीशी वर गेली की शब्द आनंदी वाटतो. फार चढवली तर घसरगुंडी होते.

मी लिहायचं ठरवलं “हुर्रे, सात!”. “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा” हे फोटोवर मावतं, पण ते इतकं लांब आहे की अक्षरं बारीक करावी लागतात. ते मागच्या बाजूला लिहावं. “हुर्रे” दिसतो छोटा, पण खोड्या करतो. “हु”चा उकार खाली जातो आणि “र्रे”वर रफार आणि मात्रा दोघेही एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून अक्षराची उंची जितकी, त्याच्या निम्मी जागा वर आणि तितकीच खाली मोकळी सोडा. माझी अक्षरं ट्रेसिंग पेपरवर २० मिलिमीटर उंच होती, म्हणजे दोन्हीकडे १०-१० मिलिमीटर. दोन ओळी करणार असाल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसत नाहीत ना, हे पेन्सिलीने आधी लिहून तपासा.

आधी सगळी अक्षरं शिरोरेखेशिवाय लिहा, मग शब्दागणिक एका झटक्यात रेघ मारा. ती दोन्ही टोकांना थोडी बाहेर गेली तर चांगलंच. पट्टी लावून मारलेली शिरोरेखा लगेच ओळखू येते आणि बाकीच्या सैल रेषांत परकी दिसते.

शब्द कुठे ठेवायचा? माणूस जिकडे बघतो किंवा हात करतो तिकडे. भाच्याची नजर वर डावीकडे होती, म्हणून शब्दही तिकडेच, उंचावलेल्या हाताच्या थोडा वर. पाठीमागे लिहिला असता तर त्याला तो दिसलाच नसता, असं काहीसं वाटतं बघणाऱ्याला. डोक्याच्या अगदी वर शब्द आला तर टोपलीसारखा बसतो, तेही टाळा.

आता तारे. शाळेत वहीच्या मागच्या पानावर काढायचो तो, पेन न उचलता काढलेला पाच टोकांचा तारा सगळ्यात बरा. शेवटचं टोक सुरुवातीला नेमकं मिळालं नाही तर तसंच सोडा. एक मोठा, तीन मध्यम आणि बाकी नुसते ठिपके आणि छोट्या फुल्या. ते फोटोभर सारखे पेरले की गिफ्ट रॅपरचा कागद होतो. त्याऐवजी त्यांना कुठून तरी निघू द्या. मी ते उजव्या पंजातून उधळल्यासारखे काढले: हाताजवळ दाट, वर जाताना विरळ आणि लहान. कान आणि डोकं यांच्या आसपास दोन बोटं जागा रिकामी ठेवा, नाहीतर ताऱ्याची टोकं शिंगांसारखी डोक्यातून निघतात.

ट्रेसिंग पेपरखाली कोरा पांढरा कागद ठेवून स्कॅन करा. २०० डीपीआयला केलंत तर साडेसात बाय साडेदहा इंचांचे बरोबर १५०० बाय २१०० पिक्सेल होतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, अगदी वरून फोटो घ्या.

पुढचं काम मी GIMP या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, ते फुकट आहे. फोटो उघडा, मग File → Open as Layers ने स्कॅन त्यावर आणा आणि कोपऱ्यांची चिन्हं फोटोच्या कोपऱ्यांशी जुळवा. नंतर Colors → Levels मध्ये उजवा त्रिकोण डावीकडे सरकवून कागद पूर्ण पांढरा करा आणि डावा उजवीकडे आणून शाई पूर्ण काळी. मग Colors → Invert. शेवटी लेयरचा Mode बदलून Screen करा. Screen मध्ये काळा भाग दिसेनासा होतो आणि पांढरा तसाच राहतो, म्हणून फोटोवर फक्त रेषा उरतात. काळ्या रेषा हव्या असतील तर Invert गाळा आणि Mode मध्ये Multiply घ्या.

इथे एक हमखास चूक होते. लेयर बसवल्यावर सगळा फोटो धुक्यात गेल्यासारखा फिका दिसला तर समजा, Levels अपुरं राहिलं. कागदाचा उरलेला करडेपणा उलटा होऊन काळ्याऐवजी गडद राखाडी झालाय आणि तो फोटोवर उजेड ओततोय. परत Levels मध्ये जाऊन डावा त्रिकोण थोडा उजवीकडे न्या, धुकं जातं. कोपऱ्यांची चिन्हं आणि शाईचे नको ते डाग घालवायला त्याच लेयरवर काळा ब्रश फिरवा, रेषा काळ्या ठेवल्या असतील तर पांढरा.

तारे पिवळे हवे असतील तर Free Select ने त्यांच्याभोवती फेरा घ्या, Levels मध्ये Blue चॅनल निवडा आणि Output Levels चा २५५ आकडा ९० च्या आसपास आणा. पांढऱ्यातला निळा कमी झाला की पिवळा उरतो.

छापायला देण्याआधी कडा तपासा. बिनकडेच्या प्रिंटमध्ये लॅबचं यंत्र चारही बाजूंनी थोडंसं कापतं. माझ्या पहिल्या वीस कार्डांवर “हुर्रे”चा रफार असाच गेला आणि भाच्याने “हुरे म्हणजे काय गं मावशी?” असं सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हापासून महत्त्वाचं काहीही कडेपासून ६ मिलिमीटर आतच ठेवते. फाइल JPEG, गुणवत्ता ९५. लॅबला व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पांढऱ्या रेषांच्या कडेला राखाडी चुरा दिसतो. कागद मॅट सांगा. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे फार उठतात, आणि सातवीतल्या नाही, सात वर्षांच्या मुलाच्या हातात कार्ड जाणार आहे.