एका मताने पडलेले सरकार, पन्नास मतांनी न हललेला अध्यक्ष: संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीची तुलना वर्गात कशी घ्यावी

संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतील फरक विचारला की उत्तरपत्रिकेत दोन रकान्यांचा तक्ता येतो. डावीकडे भारत आणि इंग्लंड, उजवीकडे अमेरिका, आणि खाली पाठ केलेले आठ मुद्दे. त्यातला एखादा मुद्दा खऱ्या प्रसंगाला लावून दाखव म्हटले की बरेचसे विद्यार्थी थांबतात. त्यासाठी प्रसंगच समोर ठेवावा लागतो. अकरावी-बारावी किंवा प्रथम वर्षाच्या वर्गासाठी तीन छोटी प्रसंगवर्णने, एक तासिका आणि २० गुण पुरतात.

आधी एकच प्रश्न ठरवा

आठही मुद्दे एका तासात तपासायला गेले की एकही नीट तपासला जात नाही. सगळ्या वर्णनांसाठी एकच प्रश्न धरा: कायदेमंडळाला सरकारचा प्रमुख नकोसा झाला, तर ते त्याला काढू शकते का, आणि त्यासाठी काय लागते? दोन्ही पद्धतींचा गाभा या प्रश्नात आहे. संसदीय पद्धतीत कार्यकारी मंडळ सभागृहाच्या विश्वासावर टिकते आणि विश्वास गेला की जाते, मग त्याने गुन्हा केलेला असो वा नसो. अध्यक्षीय पद्धतीत प्रमुखाची मुदत ठरलेली असते आणि नुसती नापसंती त्याला हलवू शकत नाही.

प्रसंग निवडा आणि देशांची नावे झाका

या प्रश्नासाठी इतिहासाने एक फार चांगली जोडी दिली आहे. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये बिल क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचे मतदान झाले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १७ एप्रिल १९९९ रोजी, लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव गमावला. तिसरा प्रसंग मुद्दाम फसवा घ्या: दक्षिण आफ्रिकेत ८ ऑगस्ट २०१७ रोजी जेकब झुमा यांच्यावर आलेला अविश्वासाचा ठराव.

वर्णनात देश, व्यक्ती किंवा पक्ष यांची नावे देऊ नका. ‘अमेरिका’ हा शब्द दिसला की विद्यार्थी पुढचे न वाचताच ‘अध्यक्षीय’ लिहून मोकळा होतो. पदनामांची जागाही ‘सरकारचा प्रमुख’ या शब्दांना द्या. अपवाद फक्त तिसऱ्या वर्णनाचा. तिथे ‘राष्ट्राध्यक्ष’ हा शब्द राहू द्या, कारण सापळा त्याच शब्दात आहे.

प्रत्येक वर्णन ५० ते ९० शब्दांचे असावे आणि त्यात चार गोष्टी याव्यात: प्रमुख पदावर कसा आला, तो कायदेमंडळाचा सदस्य आहे का, मतदानाचे आकडे काय होते आणि मतदानानंतर काय घडले. रंजक तपशील गाळा. १९९९ च्या त्या मतदानात ओडिशाच्या मुख्यमंत्रिपदी असलेल्या खासदाराने मत दिले होते. ही गोष्ट वर्णनात आली तर सगळा तास त्यावरच्या वादात जातो.

विद्यार्थ्यांना द्यायचा कागद

*देश क.* अनेक पक्षांच्या आघाडीचे सरकार १३ महिने सत्तेवर आहे. सरकारचा प्रमुख कनिष्ठ सभागृहाचा सदस्य आहे. आघाडीतील एका पक्षाने पाठिंबा काढून घेतल्यावर राष्ट्रप्रमुखाने त्याला बहुमत सिद्ध करायला सांगितले. सभागृहात बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. सरकारने राजीनामा दिला. दुसऱ्या कोणालाही बहुमत जमवता आले नाही, म्हणून सभागृह विसर्जित झाले. नव्या निवडणुकीपर्यंत जुन्या सरकारने काळजीवाहू म्हणून काम पाहिले.

*देश ख.* सरकारचा प्रमुख चार वर्षांच्या मुदतीसाठी निर्वाचक मंडळामार्फत निवडून आला आहे. तो कायदेमंडळाचा सदस्य नाही. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षाचे बहुमत आहे. कनिष्ठ सभागृहाने त्याच्यावर दोन आरोप ठेवले. वरिष्ठ सभागृहात १०० सदस्य आहेत. सगळे हजर असताना दोषी ठरवायला ६७ मते लागतात. एका आरोपावर ‘दोषी’ अशी ४५ मते पडली आणि दुसऱ्यावर ५०. प्रमुख पदावर राहिला आणि त्याने आपली मुदत पूर्ण केली.

*देश ग.* ‘राष्ट्राध्यक्ष’ हाच राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख आहे. ४०० जागांचे कनिष्ठ सभागृह आपल्या सदस्यांतून त्याला निवडते. निवड झाली की त्याचे सभागृहातील सदस्यत्व संपते. सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी बहुसंख्यांनी अविश्वासाचा ठराव मंजूर केला तर त्याला आणि मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागतो. असा ठराव गुप्त मतदानाला आला. बाजूने १७७ आणि विरोधात १९८ मते पडली, तर ९ सदस्य तटस्थ राहिले.

तासिकेची आखणी

पहिली दहा मिनिटे फक्त वाचन. प्रत्येकाने निर्णायक वाटणाऱ्या वाक्याखाली रेघ ओढायची, पण एका वर्णनात फक्त एकच. ही मर्यादा सैल करू नका. चार वाक्यांखाली रेघा आल्या म्हणजे विद्यार्थ्याने निवड केलेलीच नाही. त्यानंतर ३० मिनिटे लेखन. शेवटच्या पाच मिनिटांत कागद गोळा करा आणि मगच देशांची नावे सांगा.

प्रश्न चार: (१) प्रत्येक देशातील पद्धत ओळखा. (२) प्रत्येकासाठी वर्णनातला पुरावा द्या. (३) क आणि ख यांची दोन मुद्द्यांवर तुलना करा. (४) या वर्णनांवरून सिद्ध होत नाही असे एक विधान लिहा आणि का सिद्ध होत नाही ते सांगा.

गुणदान योजना: २० गुण

पहिल्या प्रश्नाला ३ गुण, प्रत्येक देशाला एक. क संसदीय, ख अध्यक्षीय. ग साठी ‘संसदीय’ किंवा ‘प्रमुखाचे नाव राष्ट्राध्यक्ष असले तरी संसदीय धाटणीची पद्धत’ यांपैकी कोणतेही उत्तर चालेल. ‘मिश्र’ एवढाच शब्द लिहिला तर अर्धा गुण.

दुसऱ्याला ६ गुण, प्रत्येक देशाला दोन. योग्य तथ्य दाखवल्याबद्दल एक आणि त्यावरून पद्धत कशी ठरते हे सांगितल्याबद्दल एक. ‘२६९ विरुद्ध २७०’ हे झाले तथ्य. ‘एका मताने बहुमत जाताच सरकारला राजीनामा द्यावा लागला, म्हणजे ते सभागृहाच्या विश्वासावर उभे होते’ हे झाले कारण.

तिसऱ्याला ८ गुण, प्रत्येक मुद्द्याला चार. एकच कसोटी दोन्ही देशांना लावली तर १, क मधले तथ्य १, ख मधले तथ्य १, आणि या फरकातून निघणारा परिणाम १. चौथ्याला ३ गुण: विधानाला १ आणि कारणाला २.

पहिल्या प्रश्नातली चूक पुढे दोनदा कापू नका. ग ला ‘अध्यक्षीय’ म्हणणाऱ्याचा तिथला गुण जातो. पण त्याने अविश्वासाच्या ठरावाचे वाक्य पुरावा म्हणून दिले असेल, तर तथ्याचा एक गुण मिळतो, कारणाचा मिळत नाही.

एक उत्तर तपासून पाहू

तिसऱ्या प्रश्नातल्या एका मुद्द्याचे हे उत्तर घ्या: “क मध्ये सरकार लगेच पडते. ख मध्ये प्रमुखाला जनतेने निवडले आहे, त्यामुळे तो ताकदवान आहे.” वाचायला ठीक वाटते, पण याला चारपैकी एकच गुण. पहिले वाक्य पद कसे जाते याबद्दल आहे, तर दुसरे निवड कशी होते याबद्दल. कसोटी एक नाही, म्हणून तिचा गुण नाही. क मधले ढोबळ तथ्य धरून १ द्यावा. ‘ताकदवान’ हे मत आहे. त्यामागे ख मधली कोणतीही गोष्ट दाखवलेली नाही.

आता हे पाहा: “पदावरून दूर करण्यासाठी लागणारे बहुमत हा फरक आहे. क मध्ये विरोधात एक मत जास्त पडले आणि सरकार गेले. ख मध्ये दुसऱ्या आरोपावर निम्मे सदस्य ‘दोषी’ म्हणाले, तरी ६७ मते नसल्याने प्रमुख राहिला. म्हणून ख मध्ये कायदेमंडळ विरोधात असतानाही प्रमुख मुदत पूर्ण करू शकतो.” चारही गुण.

चुका कुठे होतात

सगळ्यात खोल रुजलेली चूक म्हणजे महाभियोग आणि अविश्वासाचा ठराव एकच मानणे. अविश्वासाला कारण द्यावे लागत नाही. महाभियोगाला आरोप लागतो. अमेरिकेच्या संविधानात देशद्रोह, लाचखोरी किंवा अन्य गंभीर गुन्हे व गैरवर्तन अशी त्याची चौकट आहे. महाभियोग ‘झाला’ म्हणजे पद गेले, असेही अनेक जण लिहितात. प्रतिनिधिगृह फक्त आरोप ठेवते, निकाल सिनेट देते. भारतात तर हा गोंधळ आणखी वाढतो, कारण अनुच्छेद ६१ मधला महाभियोग राष्ट्रपतींवर चालतो आणि त्याने सरकार पडत नाही. सरकारचे टिकणे अनुच्छेद ७५(३) वर अवलंबून असते: मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते.

ग मध्ये वर्ग हमखास दुभंगतो, आणि तसे व्हायलाच हवे. प्रमुख सभागृहाचा सदस्य राहत नाही, राष्ट्रप्रमुखही तोच, म्हणजे दोन खुणा अध्यक्षीय पद्धतीकडे बोट दाखवतात. पण त्याला निवडते सभागृह, आणि कारण न देता एकूण सदस्यांच्या बहुमताने काढूही शकते सभागृहच. आपण धरलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट मिळते. ठराव फसला म्हणून कोणी ‘अध्यक्षीय’ लिहिले असेल, तर त्याला आकडे पुन्हा वाचायला लावा. ठराव फसला कारण बाजूने २०१ मते पडली नाहीत. तरतूद होतीच.

चौथ्या प्रश्नात अपेक्षित उत्तर साधारण असे: ‘संसदीय सरकारे अस्थिर असतात हे सिद्ध होत नाही, कारण क हा एकाच देशातला एकच प्रसंग आहे आणि तो आघाडी सरकारचा आहे.’ ‘वर्णनात माहिती कमी आहे’ एवढ्यावर कारणाचे गुण देऊ नका. कोणती माहिती कमी आहे ते नेमके लिहिले असेल तरच २ द्या.

तपासणीआधी आणि पुढच्या वर्षी

दोन शिक्षक तपासणार असतील, तर पाच उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळ्या तपासून गुण जुळवून पाहावेत. फरक बहुधा ‘परिणामा’च्या एका गुणात निघतो. तेव्हा परिणाम म्हणून काय चालेल याची दोन उदाहरणे योजनेत लिहून ठेवावीत.

पुढच्या वर्षापर्यंत प्रसंग वर्गाला माहीत होतात. तेव्हा ग च्या जागी फ्रान्स घेता येतो. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या राष्ट्रीय सभेने ३३१ मतांनी मिशेल बार्निये यांचे सरकार पाडले, पण राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन पदावर राहिले. इथे कार्यकारी मंडळाला दोन प्रमुख आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नात ‘मिश्र’ किंवा ‘अर्ध-अध्यक्षीय’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावा लागेल आणि योजनेतली अर्ध्या गुणाची ओळ काढून टाकावी लागेल.