घाण अक्षराचा पेपर तपासताना मी काय घोळ घातला (नवीन परीक्षकांसाठी)

या वर्षी पहिल्यांदा कॅपला बसणार असाल आणि विषय इतिहास असेल तर हे वाचा. मॉडेल आन्सर, बेरीज, कव्हरवर मार्क चढवणं हे तुम्हाला माहितीच आहे, त्यात जात नाही. मला नडलं ते अक्षर. आणि अक्षरापेक्षा जास्त नडला माझा "मी काही अक्षर बघून मार्क देत नाही" हा समज.

पहिलंच वर्ष, एफवायबीएचा गठ्ठा, प्रश्न १० मार्कांचा, १८७५ चे दख्खनचे दंगे, कारणं आणि परिणाम. एक पेपर देखणा, समास आखलेला, हेडिंगखाली रेघा, चार पानं. मी साडेसात दिले. थोड्या वेळाने दुसरा आला, दीड पान, शिरोरेघा नाहीत, शब्द एकमेकांवर चढलेले, अर्धं मराठी अर्धं हिंदी. चार दिले. वाटलं दयाच केली. आमच्या मॉडरेटर सरांनी नेमके हेच दोन पेपर उचलले आणि म्हणाले, मॅडम, मोठ्याने वाचून दाखवा. दोन्ही.

वाचलं आणि कान गरम झाले. पहिल्यात शेतकऱ्यांवर अन्याय, पिळवणूक, असंतोष हेच चार पानं फिरवून फिरवून. कापसाबद्दल एक वाक्य, सारा "खूप जास्त होता" एवढंच, सुप्याचं नाव होतं पण तारीख नाही, वर "सर्वत्र सावकारांच्या हत्या झाल्या" असं ठोकून दिलेलं, जे चूकच आहे, दंगेखोरांचा रोख मुख्यतः खतावण्या आणि कर्जरोखे जाळण्यावर होता. दुसरा पोरगा लिहितो (मी जसंच्या तसं वाचत होते): "अमेरिका में वॉर चालू होता तब कापसाचा रेट वाढला, सावकारने लोन दिया, वॉर संपला रेट गिरला, इधर ६७ ला लगान वाढवला, सावकारने लोन बंद केलं, १२ मे १८७५ सुपे, लोकांनी बही खाते जलाये." म्हणजे भाव का चढले, कर्ज का मिळालं, का आटलं आणि नेमक्या त्याच वेळी साऱ्याची फेरआकारणी कशी आडवी आली, ही सगळी साखळी त्याच्याकडे होती. पहिल्याकडे त्यातली एक कडी.

सरांनी चारच भाग करायला लावले: कापसाची तेजी-मंदी ३, सारा आणि कर्ज ३, प्रत्यक्ष घटना २, परिणाम २. देखण्या पेपरला प्रत्येकी एक एक, एकूण चार. दुसऱ्याला अडीच, अडीच, दोन आणि परिणामांत फक्त "कमिशन बसलं" एवढंच म्हणून अर्धा, एकूण साडेसात. बरोब्बर उलटे. तेव्हापासून मी प्रत्येक उत्तराला आधी कच्च्या कागदावर असे भागाचे आकडे टाकते आणि मगच बेरीज बघते, आधी एकूण ठरवून मग भागात वाटायचे नाहीत, तिथेच फसवणूक सुरू होते. शिवाय सगळ्या पेपरांचा प्रश्न दोन आधी, मग सगळ्यांचा प्रश्न तीन. एक पेपर सलग तपासला की पहिल्या उत्तराचा वैताग पाचव्यापर्यंत येतो.

स्टाफरूममधे सांगतात ना, "पहिलं पान बघितलं की पोरगं कळतं". अजिबात ऐकू नका. पहिल्या पानावरून पेन कळतं.

आता खरा सापळा, जो कोणी सांगत नाही. त्या दिवसानंतर मला अपराधी वाटायला लागलं आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. अक्षर लागलं नाही की मनात म्हणायचे "याला हेच म्हणायचं असणार" आणि टिक. म्हणजे वाईट अक्षराच्या पोराचं उत्तर मीच लिहीत होते आणि मार्क त्याला देत होते. चांगल्या अक्षरातली चूक स्पष्ट दिसते म्हणून मार्क कापले जातात, वाईट अक्षरातली दिसतच नाही म्हणून वाचते, हाही अन्यायच की.

उदाहरण याच प्रश्नाचं. एका पेपरात "१८?९ चा कायदा" होता, मधला आकडा नुसता वेटोळा. इथे दोन्ही साल खरी निघतात! १८५९ ला कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवणारा कायदा आला, आणि १८७९ ला दंग्यांनंतर शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. मी आधी ७९ समजून "कारणात परिणाम लिहिलाय" म्हणून कापलं होतं. मग काय करायचं, तर त्याच पेपरात त्याचा ५ आणि ७ शोधायचा. १८७५ त्याने तीनदा लिहिलं होतं, दोन्ही आकडे तिथेच शेजारी शेजारी, ताडून बघितलं तर वेटोळा म्हणजे ५. शिवाय पुढे "दर तीन साल नवा कागद" असं वाचता येत होतं, म्हणजे पक्कं ५९. मार्क दिले. पण नुसतं "१८?९ ला कायदा झाला" एवढंच असतं आणि आकडा कुठेच ताडता आला नसता, तर त्या मुद्द्याला शून्य आणि बाजूला "वाचता येत नाही" अशी नोंद. नोंद कराच. २०११ मधे सुप्रीम कोर्टाने तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते असं सांगितलंय, पोरगं समोर आलं तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे.

१ आणि ९, भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांचंही तसंच. प्रश्नांचे नंबर आणि १९४७ सारखी हमखास सालं बघा, तिथे त्याचा आकडा कसा वळतो ते कळतं. दोन मिनिटं जातात, पुढचा सगळा पेपर सोपा होतो, घाबरू नका.

मिक्स भाषेचं तुलनेने सोपं आहे. लगान म्हणजे सारा, विद्रोह म्हणजे उठाव, भाषेला वेगळे मार्क ठेवलेले नसतील तर कापायचं कारणच नाही. फक्त सारखे दिसणारे शब्द जपून. "१८३५ नंतर इंग्रजांनी भारतीयांना शिक्षा दिली" याच्यावर मी लाल गोल केला होता, काय दंड, कसला दंड. अहो, त्याला शिक्षण म्हणायचं होतं, मेकॉलेचं उत्तर होतं ते! "रेल्वेने यातायात वाढली" वाचून तर मी हसले होते, हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक, आपल्याकडे कटकट. वाक्य मराठीत विचित्र वाटलं की एकदा हिंदीतून वाचा.

पण एक गोष्ट भाषेच्या नावाखाली सोडायची नाही, कारण आणि परिणामाची उलटापालट. "दंगे झाले म्हणून कापूस पडला" असं असेल तर ते कुठल्याही भाषेत चूक. शब्द सुटे पडले असतील, "कापूस, सारा, सावकार, दंगे" अशी नुसती यादी असेल, तरी साखळी तुम्ही जोडून देऊ नका, यादीचे जेवढे होतात तेवढेच द्या.

जेवणानंतर माझा हात घाण अक्षरावर जड पडतो, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. आता असे पेपर बाजूला काढते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा तेच घेते, संध्याकाळसाठी ठेवत नाही. तरीही अडलंच तर शेजारच्याला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला देते, काय लिहिलं असेल ते न सांगता.